गवती चहा सर्दीला आणि जड पोटाला खरंच चालतो का? किती उकळायचा, आणि कोणी जपून घ्यावा?

चालतो, पण निम्मा आटेपर्यंत उकळत ठेवलात तर नाही. हा वाद आमच्या घरी बरीच वर्षं चालू आहे, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

आम्ही बडोद्याचे. इथे हिवाळ्यात कोथिंबीर-पुदिन्याच्या शेजारी लीली चाची, म्हणजे गवती चहाची, जुडी असतेच. एका उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, माझ्या नणंदबाई पुण्याहून आल्या होत्या. दिवसभर गच्चीवर पतंगांचा आरडाओरडा, वारं, धूळ, वर उंधियू आणि जलेबी. दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणाच्या सकाळी, निम्म्या घराची नाकं बंद आणि उरलेल्यांची पोटं फुगलेली. वन्संनी पातेल्यात अख्खी जुडी घातली आणि झाकण न ठेवता अर्धा तास उकळली. घरभर लिंबासारखा घमघमाट सुटला. "बघ, कसा गुण उतरतोय!" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, वन्सं, गुण पातेल्यात उतरत नाहीये, खिडकीतून चाललाय. गवती चहाचा वास आणि गुण मुख्यतः त्याच्या पानातल्या उडून जाणाऱ्या तेलात असतो. त्यातला मोठा घटक सिट्रल. उघड्या पातेल्यात तो वाफेबरोबर जातो आणि मागे उरतं ते तपकिरी, कडवट, वाळलेल्या गवताच्या वासाचं पाणी. मुलांनी एकेक घोट घेऊन कप तसेच ठेवले.

यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "आयुर्वेदात काढा आटवूनच करतात." करतात ना, पण साली-मुळ्यांसारख्या कठीण गोष्टींचा. कोवळ्या, सुगंधी वस्तूंसाठी त्याच आयुर्वेदात फांट सांगितलाय: कढत पाणी ओतायचं, झाकून ठेवायचं, गाळून प्यायचं. हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

मी शेजारच्या शेगडीवर केला तो असा. दोन कप पाण्यात नखाएवढं आलं ठेचून पाच मिनिटं उकळलं, कारण आल्याला उकळी लागतेच. मग गॅस बंद करून हातभर लांबीची तीन-चार पानं कात्रीने इंच-इंच कापून टाकली. (कडा धारदार असतात, हाताने ओरबाडू नका. बुंध्याशी माती असते, ती नीट धुवा.) घट्ट झाकण ठेवून सात-आठ मिनिटं थांबले. झाकणाच्या आतले थेंब परत पातेल्यातच पाडायचे, वास तिथेच साठलेला असतो. रंग फिकट पिवळसर-हिरवा आणि झाकण उघडताच लिंबाचा वास आला म्हणजे जमला. वन्संच्या मते हे "नुसतं गरम पाणी".

दुधाचा चहा हवा असेल तर आलं आधी पाण्यात उकळा, कच्चं आलं दुधात टाकलं तर दूध नासू शकतं. पत्ती आणि दूध घालून उकळी आली की गवती चहा शेवटी टाकून झाका. पोट जड असेल तेव्हा मात्र दूध नकोच. कोरा, कोमट, जेवणानंतर अर्ध्या-पाऊण तासाने, घोट घोट. ढेकर येतो, फुगलेपण उतरतं. छातीत जळजळ होणाऱ्यांनी आलं वगळावं.

सर्दीचं म्हणाल तर विषाणू मरत नाही, सर्दी आपल्या दिवसांनीच जाते. वाफ आणि गरम पाण्याने घसा शेकतो, नाक जरा मोकळं होतं, पोटात पाणी जातं, एवढंच. दिवसातून दोनदा कपभर पुरे.

खरं भांडण पुढे झालं. भाचीला तिसरा महिना होता आणि वन्सं तिला तोच आटवलेला काढा कपभर पाजायला निघाल्या. मी कप काढून घेतला. "आमच्या वेळी सगळ्या प्यायच्या," म्हणाल्या. चहात एखादं पान टाकणं ही स्वयंपाकाची गोष्ट झाली, जुडीभर गवताचा काढा ही औषधाची. गर्भारपणी एवढ्या मात्रेत तो सुरक्षित आहे असं कोणी दाखवलेलं नाही. उंदरांना सिट्रल मोठ्या मात्रेत दिलं तेव्हा गर्भावर दुष्परिणाम दिसले आहेत. कपभर काढ्यात तेवढं नसतं, मान्य, पण धोका पत्करायचा कशाला? डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही म्हणजे नाही. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आणि साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांनीही रोजची सवय लावण्याआधी विचारावं. बाटलीतलं गवती चहाचं तेल पोटात घेऊ नये, थेंबभरसुद्धा नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला यात मध घालून चाटवू नका. आणि तीन दिवसांवर ताप राहिला, धाप लागली किंवा छातीत घरघर आली तर पातेलं बाजूला ठेवून दवाखाना गाठा.