घरी शिवणकाम, ऑर्डर अचानक बंद: राहिलेली मजुरी कशी मिळवायची?

प्रश्न: जालन्यात घरी नगावर परकर शिवते. ठेकेदाराने काम बंद केलं, दोन महिन्यांची मजुरी अडकली. कागद काहीच नाही. काय करू?

उत्तर: ताई, झालेल्या कामाची मजुरी तुमचीच आहे, ऑर्डर थांबली तरी. पुढचं काम मिळण्याची हमी मात्र कायद्यात नाही, म्हणून आधी राहिलेले पैसे पक्के करा.

आजच हिशेब लिहून काढा: तारीख, किती नग आले, किती दिले, दर, मिळालेले पैसे. मग ठेकेदाराला व्हॉट्सॲपवर पाठवा: "१२ तारखेला १२० परकर दिले, दर ६ रुपये, येणे ७२० रुपये." त्याने "हो, पुढच्या आठवड्यात देतो" असं लिहिलं तरी तो पुरावा झाला. बंडलवरच्या चिठ्ठ्या, यूपीआयच्या जुन्या नोंदी, सोबत शिवणाऱ्या बायकांची साक्षही चालते.

उरलेलं कापड अडवून धरू नका. तो उलट चोरीची तक्रार करतो. नग मोजून, सही घेऊन परत द्या.

मग सरकारी कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज द्या. वेतन संहितेत दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे आणि पैसे दिल्याचं सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. पण तुम्ही त्याच्यासाठी काम करत होता हे आधी दिसायला हवं, म्हणून तर ही वही. माल ज्या दुकानाला किंवा कारखान्याला जायचा, त्याचंही नाव अर्जात घाला. ठेकेदाराने हात वर केले तर त्याच्याकडे मागता येतं.