'गिरवणे', 'अंधारी खोली' आणि व्हर्मीर

प्रश्न : डच चित्रकार व्हर्मीरवरच्या एका लेखाचा मराठी अनुवाद करते आहे. 'कॅमेरा ऑब्स्क्युरा'ला मराठीत काय म्हणावं? आणि त्याने चित्रं गुपचूप 'ट्रेस' केली असं म्हणतात, तिथे 'गिरवली' लिहिलं तर चालेल का?

उत्तर : 'कॅमेरा ऑब्स्क्युरा' तसंच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'अंधारी खोली' एवढा खुलासा करा, मूळ लॅटिन अर्थ तोच आहे : एका छिद्रातून बाहेरच्या दृश्याची प्रतिमा आतल्या भिंतीवर पाडणारी खोली. 'अंधारकोठडी' थेट तुरुंगात नेते. 'डार्क रूम' म्हटलं की फोटो धुण्याची खोली डोळ्यांपुढे येते. शाळेतला 'सूचिछिद्र कॅमेरा' जवळचा आहे, पण चित्रकारांच्या खोलीत त्या छिद्रात भिंग बसवलेलं असे. त्यामुळे समोरच्या भिंतीवर पडणारी प्रतिमा खूपच उजळ आणि स्पष्ट व्हायची. हा फरक अनुवादात पुसला जाऊ नये.

'गिरवणे' या क्रियापदाचा मात्र नीट विचार करा. मराठीत गिरवायला आधी रेघ असावी लागते, मग तिच्यावरून हात फिरतो. भिंतीवर पडलेल्या प्रतिमेच्या कडांवरून कुणी पेन्सिल फिरवली, तर तिथे हा शब्द अगदी चपखल बसतो. देल्ला पोर्ता या इटालियन लेखकाने १५५८च्या आपल्या पुस्तकात हेच सुचवलं होतं : ज्याला चित्र काढता येत नाही त्याने प्रतिमेच्या बाह्यरेषा काढून घ्याव्यात आणि आत रंग भरावेत. व्हर्मीर जन्मला १६३२ साली. म्हणजे ही युक्ती त्याच्या आधीच छापून आली होती, तेव्हा 'गुपचूप'ही जपून वापरा.

व्हर्मीरच्या बाबतीत 'गिरवली' म्हणणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम आधार म्हणजे फिलिप स्टेडमन या वास्तुकलेच्या अभ्यासकाचं काम. त्याने चित्रांतल्या फरशा, खुर्च्या, नकाशे यांच्या मापांवरून ती खोलीच पुन्हा उभी केली. मग चित्राच्या चार कोपऱ्यांपासून दृष्टिबिंदूतून, म्हणजे जिथून ते दृश्य पाहिलं आहे त्या जागेतून, जाणाऱ्या रेषा तिच्या पाठीमागच्या भिंतीपर्यंत वाढवल्या. तिथे जो चौकोन तयार झाला तो सहा चित्रांच्या बाबतीत जवळपास प्रत्यक्ष चित्राच्या मापाचाच निघाला. दृष्टिबिंदूपाशी भिंग आणि मागच्या भिंतीवर प्रतिमा, असं मानलं की हे कोडं सुटतं. सहा वेळा योगायोग घडला असं मलाही वाटत नाही.

पण अशा भिंतीवर प्रतिमा उलटी पडते, आणि आपण तीच बाजू पाहत असलो तर कागद फिरवून सरळ केल्यावर डावं-उजवं बदललेलं राहतं. व्हर्मीरच्या खिडक्या जवळजवळ नेहमी डावीकडे असतात. थेट गिरवल्या असत्या तर त्या उजवीकडे गेल्या असत्या. म्हणजे मध्ये पातळ कागद किंवा दुसरं काही वापरून रेषा पलटून कॅनव्हासवर उतरवाव्या लागणार. अशा काटेकोर उतरवलेल्या रेषा रंगांखाली सापडायला हव्यात. तशा सापडत नाहीत. 'दूध ओतणारी दासी' या चित्राच्या तपासणीत रंगाखाली दिसले ते जाड कुंचल्याने भराभर ओढलेले काळे फटकारे, आणि नंतर झाकून टाकलेल्या दोन वस्तू : दासीच्या मागच्या भिंतीवरची सुरया टांगायची फळी आणि खाली कोपऱ्यातली शेगडीची टोपली. समोरची प्रतिमा गिरवणारा माणूस असा बेत बदलत बसत नाही. शिवाय त्याच्या डझनभराहून अधिक चित्रांत यथादर्शनाच्या लोपबिंदूपाशी, म्हणजे दूर जाणाऱ्या समांतर रेषा जिथे मिळाल्यासारख्या दिसतात तिथे, टाचणीचं भोक आहे. तिथे दोरा बांधून तिरक्या रेषा आखायची चित्रशाळेतली नेहमीची पद्धत होती. सगळ्या रेषा गिरवून मिळाल्या असत्या तर या दोऱ्याची फारशी गरज उरली नसती.

मला सगळ्यात बोलका पुरावा वाटतो तो 'दूध ओतणारी दासी'मधल्या पावाचा. त्या पावावर प्रकाशाचे गोल गोल ठिपके आहेत. भिंगाची प्रतिमा किंचित विस्कटलेली असली की चमकदार जागा अशा गोल ठिपक्यांसारख्या दिसतात : धातूवर, ओल्या किंवा गुळगुळीत पृष्ठभागावर. पाव तसा चमकत नाही, म्हणून प्रतिमेत ते ठिपके त्या जागी दिसणारच नाहीत. पण भिंगातून ते कधीच न पाहिलेल्या माणसाला असे ठिपके सुचणंही अवघड आहे. म्हणून मी असं म्हणेन की व्हर्मीरने त्या अंधाऱ्या खोलीत बसून प्रकाश बारकाईने न्याहाळला, आणि बाहेर येऊन, उजेडात, तिथे पाहिलेलं मनाला येईल तिथे वापरलं. अंधारात रंगाची छटा जुळवणं तसंही जवळपास अशक्य असतं.

तेव्हा तुमच्या लेखकाचा दावा 'रेषा उतरवून घेतल्या' असा असेल तर 'गिरवल्या' बिनधास्त लिहा, फक्त तो दावा त्याच्याच तोंडी राहू द्या : 'स्टेडमनच्या मते त्याने प्रतिमेच्या बाह्यरेषा गिरवल्या.' पण लेखात नुसतं त्याने हे साधन 'वापरलं' एवढंच असेल, तर 'प्रतिमा पाहून चित्र बेतलं' असं लिहा. आणि 'चित्रं गिरवली' कुठेच नको. गिरवल्या असतील तर रेषा, चित्र त्याने रंगवलंच आहे.