तुझा तो 1 टक्का

अरे,

त्या स्टार्टअपच्या ऑफर लेटरचा फोटो झूम करकरून दोनदा वाचला. आईबाबांना अजून काही बोलले नाहीये, तूही जरा गप्प बस. आणि मी डिग्री डिग्री करत बसणार नाहीये, ते करायला घरात बाकीचे आहेत.

तू लिहिलंस कंपनीचा 1 टक्का मिळतोय, म्हणून कॉलेज सोडतोय. मिळत नाहीये रे. तिसरं पान बघ, 4 वर्षांचं व्हेस्टिंग, 1 वर्षाचा क्लिफ. म्हणजे पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत तुझ्या नावावर शून्य, झालं की पाव टक्का, मग दर महिन्याला चिमूटभर वाढत चौथ्या वर्षाच्या शेवटी 1 टक्का. अकराव्या महिन्यात तू सोडलंस नाहीतर त्यांनी काढलं, तर भोपळा. शिवाय हे शेअर नाहीत, ऑप्शन्स आहेत, ठरलेल्या भावाने शेअर विकत घ्यायचा फक्त हक्क.

आता तूच सांगितलेला आकडा घे. बँकेत 40 लाख, महिन्याला 5 लाख खर्च, म्हणजे रनवे 8 महिन्यांचा आणि क्लिफ 12 चा! मधले 4 महिने नवीन फंडिंग आलं तरच निघणार, आणि ते काय एका मीटिंगमध्ये येत नाही, बोलणी सुरू होऊन पैसे खात्यात पडेपर्यंत कित्येक महिने जातात. आलंच तर नवे शेअर निघतात, गुंतवणूकदाराला 20 टक्के गेले की तुझा पाव टक्का 0.20 वर येतो. ते एवढं वाईट नाही म्हणा, कंपनी जगली तर.

माझ्या पहिल्या स्टार्टअपमध्ये दहाव्या महिन्यात एक दिवस सकाळी टेस्ट सर्व्हर बंद. मी दोन तास कोडमध्ये बग शोधत बसले, आणि निघालं काय तर क्लाउडचं बिल थकलं म्हणून अकाउंटच सस्पेंड केलेलं. त्याआधी दोनदा पगार लांबला होता, तेव्हाच कळायला हवं होतं. महिन्याभरात दुकान बंद, माझे ऑप्शन्स शून्य. पुढची नोकरी शोधताना निम्म्या फॉर्ममध्ये डिग्रीचा रकाना भरल्याशिवाय पुढचं पानच उघडत नव्हतं, माझ्याकडे भरायला होती एवढंच.

म्हणून कॉलेज सोडू नकोस, आधी ऑफिसात जाऊन विचार की एक सेमिस्टर गॅप मिळते का, झालेले क्रेडिट किती वर्षं धरतात, परत यायला अर्ज कधी करायचा, आणि उत्तर लेखी घे, काउंटरवरच्या "हो हो होतं" वर जाऊ नकोस. मिळाली तर फाउंडरला सांग, 6 महिने इंटर्न म्हणून येतो, पगार हवा, आणि पुढे कायम झालो तर व्हेस्टिंगची तारीख इंटर्नशिपच्या पहिल्या दिवसापासून धरा. आणि हो, एकूण शेअर किती तेही विचार, कारण पत्रात नुसती शेअर्सची संख्या आहे, 1 टक्का हे तो तोंडी म्हणालाय.

यावर तो काय म्हणतो ते मला जसंच्या तसं कळव. चिडला तर तेही.

ताई