जिमच्या वेबसाइटवर दरमहा पैसे आपोआप कापायचे असतील तर

भाऊ, परभणीच्या जिमचं काम घेतलंसच, तर फोटो-रंगांच्या आधी एवढं ठरव: मेंबरशिपची मुदत नेमकी कधी वाढणार? मेंबरनं यूपीआय ऑटोपेला मंजुरी दिली म्हणजे ती नुसती परवानगी झाली, दर महिन्याचे पैसे त्यानंतर कापले जातात.

समज, प्लॅन महिना 800 रुपयांचा आणि मुदत 10 तारखेला संपते. त्या दिवशी खात्यात 300च निघाले, तर पैसे कापणाऱ्या रेझरपे या पेमेंट कंपनीकडून वेबहुकवर, म्हणजे आपल्या सर्व्हरला आपोआप येणाऱ्या निरोपात, `subscription.pending` येतं. लगेच प्रवेश बंद करू नको, काउंटरच्या स्क्रीनवर नुसतं ‘बाकी’ दिसू दे. रेझरपे पुन्हा प्रयत्न करतं, समज 12 तारखेला पैसे कापले गेले की `subscription.charged` येईल, मुदत तेव्हाच वाढव. पण ती 10 पासून मोज, 12 पासून नाही. नाहीतर उशिरा भरणाऱ्याला दर वेळी दोन दिवस फुकट. एकच वेबहुक दोनदाही येतो, म्हणून पेमेंट आयडी तपासूनच नोंद कर. सगळे प्रयत्न फसले की `subscription.halted` येतं. मग क्लासचं बुकिंग थांबव.

खरी डोकेदुखी रोखीची. आपल्याकडं बाकी दिसली की माणूस काउंटरवर 800 टेकवतो आणि दुसऱ्या दिवशी ऑटोपेचेही कापले जातात. ते पुढच्या महिन्यात धरायचे की परत द्यायचे, हे मालकाकडून आधीच लिहून घे.

वेळापत्रकाला सध्या साधा तक्ता पुरे, फक्त क्लास रद्द करायचं बटण ट्रेनरच्या मोबाइलवर दे.