नवरा-बायकोचं हिमोग्लोबिन सारखंच, मग लाल खूण एकालाच का?

"नागपुरात एकाच लॅबमध्ये दोघांचं हिमोग्लोबिन १२.४ आलं. माझ्या रिपोर्टवर लाल खूण, बायकोचा नॉर्मल. असं कसं?"

कारण तुमची तुलना पुरुषांशी होते, त्यांची बायकांशी. टेस्टोस्टेरॉनमुळे पुरुषांमध्ये लाल पेशी जास्त बनतात, शिवाय बायकांचं लोह पाळीत जातं. वयाचंही तसंच: नवजात बाळाचं १७ असलं तरी चालतं, कारण पोटात ऑक्सिजन कमी मिळतो. तोच प्रकार उंचीवर. नागपूर जेमतेम ३०० मीटरवर, लेह ३५०० मीटरवर. तिथे राहणाऱ्याला १७ साहजिक. तिथे १३ म्हणजे बहुधा लोह कमी.

आता "नॉर्मल"चं गणित. निदान १२० निरोगी माणसं तपासतात, वरचे-खालचे अडीच-अडीच टक्के सोडतात, उरलेले ९५ टक्के म्हणजे रेंज. म्हणजे विसातला एक धडधाकट माणूसही बाहेर पडणारच! उलट, त्या 'निरोगी' बायकांतच लपलेली लोहाची कमतरता असेल, तर रेंजच खाली सरकते. म्हणून बायकोचा १२.४ बघून मी निर्धास्त होणार नाही. दोघांचंही फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी, करा; आणि पुरुषाचं हिमोग्लोबिन १३ च्या खाली असेल तर रक्त कुठून जातंय का, हे डॉक्टरांना विचाराच.