तुंबलेल्या मुंबईचा व्हिडिओ आजचाच आहे का?

पहिल्याच पावसात तुंबलेल्या मुंबईचा, आजचा म्हणून फिरणारा व्हिडिओ हाती आला, तर तो खरंच आजचा आहे का, हे असं तपासा. पडताळणीत नवीन असलेले लोक बहुतेकदा मिळेल तो स्क्रीनशॉट इमेज सर्चमध्ये टाकतात. तुडुंब पाणी आणि छत्र्या एवढंच त्यात असेल, तर दरवर्षीच्या पावसाचे फोटो समोर येतात. म्हणून आधी फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं थांबवलेलं चित्र, नीट निवडा.

१. व्हिडिओ हळू चालवा. दुकानाची पाटी, बस, पूल स्पष्ट दिसेल तिथे थांबवा. अशा तीन-चार फ्रेम घ्या. InVID-WeVerify हे ब्राउझरचं एक्स्टेन्शन व्हिडिओतल्या मुख्य फ्रेम आपोआप काढून देतं.

२. वर चिकटवलेला मजकूर कापून टाका, नाहीतर शोध त्याच्याच मागे जातो.

३. प्रत्येक फ्रेम Google Lens मध्ये टाका, मग TinEye मध्ये; दोन्ही चित्रावरून शोध घेतात. TinEye वर Oldest निवडलं की सर्वांत जुनी नोंद आधी दिसते.

समजा, पाण्यातून उघड्या खिडक्यांची जुनी डबलडेकर चालली आहे. बेस्टने त्या बस सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केल्या, त्यामुळे व्हिडिओ आजचा असूच शकत नाही. स्टेशनच्या पाटीवर ‘एल्फिन्स्टन रोड’ असेल, तर तो बहुधा जुलै २०१८ किंवा त्याआधीचा. तेव्हा प्रभादेवी नाव आलं.

जुनी नोंद सापडली तरी ‘सारखं दिसतंय’ यावर थांबू नका. तीच छत्री, तीच गाडी त्याच जागी आहे का, ते बघा. काहीच सापडलं नाही, तर फ्रेम आडवी उलटवून पुन्हा शोधा. तरीही हाती काही लागलं नाही, तरी तेवढ्यावरून व्हिडिओ नवा ठरत नाही. एवढंच लिहा की जुनी प्रत मिळाली नाही.