केसांचा रंग बदलताना आधी कडा बघ

फोटोतल्या साध्या, एकरंगी शर्टाचा रंग बदलायचा असेल तर खुशाल मोबाइल अ‍ॅप वापर, दोन मिनिटांचं काम आहे. केसांचं मात्र तसं नाही. अ‍ॅप केस आपोआप निवडतं, पण कपाळाजवळच्या सुट्या बटा सोडून देतं किंवा कानालाही रंग फासतं. फोटो मोठा करून आधी तिथेच बघ.

समज, काळ्याभोर केसांना तांबूस छटा द्यायची आहे. फोटोशॉपमध्ये नवा लेयर घेऊन ब्लेंड मोड Color ठेवलास, तर रंग जेमतेम दिसेल, कारण हा मोड खालचा उजेड-अंधार तसाच ठेवतो. म्हणून आधी Curves ने केस थोडे उजळ कर, मग रंग भर. फार उजळलंस की केसांत दाणे उठतात, तिथे हात आवर. कानावर गेलेला रंग लेयरच्या मास्कवर काळा ब्रश फिरवून झाकता येतो, मूळ फोटोला धक्का लागत नाही. अ‍ॅपची हीच उणीव मला सर्वांत जास्त खुपते: बऱ्याच अ‍ॅपमध्ये एकदा सेव्ह केलं की सगळं एकजीव होतं.

पूर्ण पोशाख बदललास तर कॉलरखालची मानेची सावली हरवते. ती वेगळ्या लेयरवर, Multiply मोडमध्ये, मऊ ब्रशने हलकेच रंगव.